सीओपीडीचे आजोबा थांबू शकतात

*ताई, बी.एस्सी. नर्सिंग होऊन वर्ष झालं, एम्सच्या नर्सिंग भरतीच्या नॉर्सेट परीक्षेची तयारी करतेय. एबीसी तोंडपाठ आहे, तरी ‘आधी कोणत्या पेशंटकडे जाल’ हे प्रश्न निम्मे चुकतात. कालच्या सराव पेपरात चार पेशंट होते. एक, ६८ वर्षांचे सीओपीडीचे आजोबा, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९०, चाललं की दम लागतो. दोन, सहा तासांपूर्वी थायरॉइड काढलेली बाई, सॅच्युरेशन ९७, बेचैन आहे, ‘ड्रेसिंग घट्ट झालंय’ म्हणते. तीन, काल हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरुण, वेदना दहापैकी आठ. चार, न्यूमोनिया, ताप १०२, अँटिबायोटिकची वेळ झालेली. मी आजोबा निवडले. उत्तर होतं थायरॉइडची बाई. ९० वाल्याला सोडून ९७ वालीकडे जायचं? मग एबीसी गेलं कुठे?*
— एक वाचक, लातूर

अगं, एबीसी, म्हणजे आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, तिथेच होतं. फक्त तू ते आजाराच्या नावाला लावलंस, पेशंटला नाही. सीओपीडी वाचलं, फुफ्फुस आठवलं, फुफ्फुस म्हणजे ‘बी’, झालं. थायरॉइड वाचलं तर ते हार्मोनच्या धड्यातलं, म्हणजे ए, बी, सी कशातच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलींपैकी सात जणी अशाच अडकतात, आणि अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. आपल्याकडे शिकवतानाच एकेक शरीरसंस्था घेऊन शिकवतात, त्यामुळे ए, बी, सी हे तीन कप्पे आहेत आणि प्रत्येक आजार कुठल्या तरी कप्प्यात ठेवायचा, असं डोक्यात बसतं. ए म्हणजे आत्ता, या क्षणी, हवा आत जायची वाट बंद होतेय का, एवढंच. ती वाट बंद करणारी गोष्ट थायरॉइडची असो, जिलेबीच्या तुकड्याची असो किंवा मधमाशीच्या डंखाची.

आता आजोबांकडे बघू. ९० हा आकडा तुला लाल दिसला, कारण आपल्याला ९५ च्या खाली काळजी करायला शिकवलंय. पण ज्यांच्या रक्तात वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड साठत आलाय, अशा सीओपीडीच्या पेशंटसाठी आपण मुद्दामच सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतो. जास्त ऑक्सिजन दिला की त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो, माणूस गुंगतो आणि श्वास मंदावतो. म्हणजे आजोबा नव्वदवर आहेत याचा अर्थ ते जिथे असायला हवेत तिथेच आहेत. चालल्यावर दम लागणं हे त्यांचं गेल्या कित्येक वर्षांचं रोजचं आहे. तू धावत त्यांच्याकडे गेली असतीस तर काय केलं असतंस, सांग? बहुतेक ऑक्सिजन वाढवला असतास. आणि तेच चुकलं असतं.

पण हेच आजोबा पहिल्या नंबरवर येऊ शकतात, तेही लक्षात ठेव. प्रश्नात लिहिलं असतं की सकाळी गप्पा मारत होते आणि आता झोपाळलेत, हाक मारली तर असंबद्ध बोलतात, किंवा एक वाक्य पुरं करायला तीनदा थांबतात, तर गोष्ट बदलली. आजार तोच राहिला, पण पेशंट त्याच्या नेहमीच्या जागेवरून सरकला. परीक्षक हे सरकणं शोधायला सांगत असतो.

बाईंच्या बाबतीत मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ९७ चा गोंधळ तिथेच सुटतो.

थायरॉइड काढल्यावर गळ्याच्या पुढच्या स्नायूंखाली एक छोटीशी बंद पोकळी उरते. तिथली एखादी रक्तवाहिनी ऑपरेशननंतर उघडली, अगदी उलटीच्या उमाळ्याने किंवा जोरात खोकल्यानेसुद्धा, तर रक्ताला पसरायला जागा नसते. ते साठतं आणि दाबतं. श्वासनलिका कडक कूर्चेची आहे, ती लगेच चेपत नाही. पण त्या दाबाने गळ्यातलं रक्त आणि लसिका खाली वाहून जाणं अडतं, आणि स्वरयंत्राचा आतला पडदा सुजायला लागतो. म्हणजे वाट बाहेरून दाबली जाते त्याहून जास्त आतून अरुंद होते. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत होतं, त्यातही सुरुवातीच्या तासांत जास्त. ‘सहा तासांपूर्वी’ हे शब्द परीक्षकाने उगाच टाकलेले नाहीत.

मग सॅच्युरेशन ९७ कसं? कारण बाईंची फुफ्फुसं धडधाकट आहेत. वाट अर्धी झाली तरी ती जास्त जोर लावून हवा ओढते, आणि रक्तात ऑक्सिजन पोचत राहतो. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर आकडा आणखीच छान दिसतो. श्वासमार्ग बंद होत असताना सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी पडतं, आणि पडायला लागलं की झरझर पडतं. त्याआधी पेशंट बोलतो. घट्ट वाटतंय, गुदमरल्यासारखं वाटतंय, आडवं पडवत नाही, थुंकी गिळवत नाही. मग आवाज बदलतो. मग श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, तो स्ट्रायडर. स्ट्रायडर ऐकू आला तेव्हा तू आधीच उशिरा पोचलेली असतेस. ‘रेस्टलेस’ हा शब्द आपल्या परीक्षांमध्ये फार स्वस्त वाटतो, पण श्वास अडायला लागलाय हे शरीर आधी बेचैनीनेच सांगतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीचं चौथं वर्ष, नाइट ड्यूटी, हॉस्पिटलचं नाव नको. वॉर्डात तीसेक पेशंट आणि आम्ही दोघी. संध्याकाळी ओटीतून आलेल्या थायरॉइडच्या बाई ‘सिस्टर, घशात काहीतरी अडकलंय’ म्हणाल्या. ड्रेसिंग पांढरंशुभ्र होतं, सॅच्युरेशन ९८. भुलीच्या नळीने घसा दुखतो हे मला माहीत होतं, मी तसं सांगितलं आणि समोरच्या खोकणाऱ्या आजोबांना नेब्युलायझेशन लावायला गेले. दहाएक मिनिटांनी मावशी चादर सरळ करत होत्या, त्यांनी हाक मारली. मी मानेखाली हात घातला तर तळवा ओला, उशीवर हातभर लाल डाग. रक्त पुढून झिरपून गुरुत्वाकर्षणाने मागे गेलं होतं. बाईंचा आवाज तोवर घोगरा झाला होता. निवासी डॉक्टरांनी टाके तिथेच खाटेवर उघडले, गुठळी काढली आणि बाईंना परत ओटीत नेलं. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या रात्री बाईंना वाचवलं ते मावशींच्या नजरेने. माझ्या एबीसीचा काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून थायरॉइडच्या पेशंटचं ड्रेसिंग बघताना माझा हात आधी मानेमागे जातो. आणि ड्रेसिंग पुढे-मागे दोन्हीकडे कोरडं असलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. रक्त आतच साठलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, फक्त गळा फुगतो.

म्हणून या प्रश्नाचा पुढचा भाग आला की ‘तिथे जाऊन काय कराल’, तर क्रम असा. पेशंटला बसतं करायचं, ऑक्सिजन लावायचा, मानेमागे आणि गळ्याची सूज बघायची, आणि जागा न सोडता सर्जन व भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगायचं. टाके उघडायची कात्री किंवा क्लिप काढायचं साधन आणि ट्रेकिऑस्टॉमीचा ट्रे उशाशी असायला हवा. तो ऑपरेशननंतर लगेच ठेवायचा असतो, गडबड झाल्यावर स्टोअरमधून मागवायचा नसतो. आणखी एक फसवा पर्याय येतो, कॅल्शियमचा. थायरॉइड काढताना पॅराथायरॉइड दुखावल्या तर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कॅल्शियम कमी होतं. पण ते साधारण एक-दोन दिवसांनी दिसतं. सहा तासांत, मुंग्या नाहीत, नुसती घट्टपणाची तक्रार आहे, तर कॅल्शियम ग्लुकोनेट शोधत बसू नकोस.

उरलेले दोघे पटकन. हर्नियाच्या पोराला वेदना आठ आहेत, त्याला इंजेक्शन द्यायलाच हवं, पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुखणं अपेक्षित आहे आणि त्यात कोणाचा श्वास अडकत नाही. प्लास्टर घातलेल्या पायात औषधालाही न जुमानणारी वेदना असती किंवा छातीत नव्याने कळ आली असती, तर मी असं म्हटलं नसतं. न्यूमोनियाला ताप येणारच. डोस वेळेवर गेला पाहिजे, पण पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात. त्याचं बीपी ८४ वर आलं असतं किंवा तो बरळायला लागला असता, तर ते सेप्सिसकडे जातंय, मग तो वर सरकला असता.

म्हणजे बघ, चौघांत एबीसीची वेळच फार कमी आली. त्याआधी दोन चाळण्या लावल्या. हे आत्ता होतंय की पुढे कधी होऊ शकतं? हे या पेशंटचं नेहमीचं आहे की नवं? आजोबा दुसऱ्या चाळणीत गळले, न्यूमोनिया आणि हर्नियाही तिथेच. दोन चाळण्यांतून दोन पेशंट उरले तरच ए, बी, सी लावायचं. मुली उलटं करतात. आधी अक्षरं लावतात, मग जिथे ‘बी’ निघालं तिथे थांबतात.

परीक्षक सापळा कसा लावतो तेही सांगते, मी स्वतः प्रश्न काढलेत. एक भारदस्त आजार घ्यायचा, हार्ट फेल्युअर, सीओपीडी, स्ट्रोक, आणि त्यापुढे अगदी शांत शब्द ठेवायचे. मग एक साधंसुधं नाव घ्यायचं, टॉन्सिल, थायरॉइड, प्लास्टर, आणि त्यात एकच बोचरा शब्द लपवायचा. म्हणून सराव करताना आजाराचं नाव पेन्सिलने झाकून बाकीचं वाच. ‘दोन लिटर ऑक्सिजनवर ९०, चालल्यावर दम’ आणि ‘सहा तासांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन, बेचैन, घट्ट वाटतंय’. नाव झाकलं की निवड अवघड राहत नाही. खऱ्या परीक्षेत प्रश्नामागे जेमतेम मिनिट मिळतं, आणि नॉर्सेटमध्ये चुकीला गुणही कापतात, तेव्हा ही सवय घरीच लागायला हवी.

पण याचीही एक उलटी बाजू आहे. कधी पेशंट आधीपेक्षा ‘शांत’ झालेला असतो आणि तीच वाईट खूण असते. दम्याचा मुलगा घे. दुपारी छातीतून शिट्टी वाजत होती, श्वास मिनिटाला ४०. संध्याकाळी शिट्टी नाही, श्वास १८, मूल झोपाळलंय. वाचणारीला वाटतं, औषध लागू पडलं. शिट्टी वाजायला हवा वाहावी लागते गं. हवाच जात नसेल तर आवाज कसला? यालाच सायलेंट चेस्ट म्हणतात, आणि वॉर्डात याच्याइतकी घाबरवणारी शांतता दुसरी नाही. खरंच बरं झालेलं मूल जागं असतं, खायला मागतं, आईशी भांडतं. म्हणून आकडा सुधारला असं दिसलं की त्याच वाक्यात पेशंटची शुद्ध कशी आहे ते शोध.

आता ए, बी, सी हा क्रम कुठे वाकतो ते. परीक्षेत याच जागा विचारतात.

पहिली जागा बी आणि सी यांच्यात. समज, दोनच पेशंट उरले. एकाला दमा, छातीत शिट्टी, पण पूर्ण वाक्यं बोलतोय आणि सॅच्युरेशन ९४. दुसरी दोन तासांपूर्वी बाळंत झालेली, पंधरा मिनिटांत एक पॅड पूर्ण भिजलं, नाडी १२८, बीपी ८८/५०. ‘बी आधी, सी नंतर’ म्हणत दम्याकडे जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. दम्याच्या पेशंटचा ‘बी’ कुरकुरतोय, पण काम करतोय. बाळंतिणीचा ‘सी’ तुझ्या डोळ्यांसमोर वाहून चाललाय. क्रम हा तुटलेल्या गोष्टींमधला आहे, त्रास देणाऱ्या आणि तुटलेल्या अशा दोघांमधला नाही. तिच्याकडे जायचं, पोटावर हात ठेवून गर्भाशय मऊ लागतंय का बघायचं, आणि मऊ लागलं तर तिथेच चोळायला सुरुवात करून मदतीला हाक मारायची. फोनकडे पळत जाऊन डॉक्टरांना कळवणं हा पर्याय दिसायला जबाबदार वाटतो, पण तेवढ्या वेळात हात रिकामे राहतात.

दुसरी जागा, नाडीच नाही तेव्हा. मोठ्या माणसाचं हृदय बंद पडलं की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० पासून क्रम सी-ए-बी केलाय, छाती दाबणं आधी. कारण साधं आहे: अचानक हृदय थांबलेल्या माणसाच्या रक्तात काही मिनिटांचा ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फिरवणारं कोणी नसतं. अपघातात मांडीतून रक्ताची धार लागली असेल तेव्हाही आधी दाब, मग बाकीचं. जुन्या नोट्समध्ये हे नसेल, तर नोट्स बदल.

तिसरी जागा मी लांबवत नाही. बस उलटली, पन्नास जखमी, आपण चौघं, असा प्रश्न असेल तर तो वेगळाच खेळ आहे. तिथे ज्याची वाट मोकळी करूनही श्वास येत नाही, त्याला शेवटच्या क्रमाची काळी खूण लावून पुढे जातात. वॉर्डच्या प्रश्नात हा नियम आणू नकोस आणि त्या प्रश्नात वॉर्डचा नियम नेऊ नकोस.

आणि ‘कोणाकडे आधी’ व ‘काय आधी’ हे प्रश्न वेगळे ठेव. रक्त चढवताना पेशंटला थंडी भरली, कंबर दुखते, धाप लागली. एबीसीच्या नादाने मुली आधी ऑक्सिजन लावतात. रक्ताची बाटली मात्र चालूच. तिथे पहिलं काम क्लॅम्प बंद करण्याचं. नुकसान करणारी वस्तू आत जात असेल तर ती आधी थांबते, मग नव्या सेटने सलाईन, मग ऑक्सिजन आणि बाकी सगळं.

वही ठेवतेस ना? चुकलेला प्रश्न अख्खा उतरवू नकोस. ज्या एका शब्दाने उत्तर फिरलं तोच लिही. कालच्या प्रश्नाला तुझ्या वहीत ‘घट्ट’ एवढंच हवं, आणि शेजारी तू कशाला भुललीस ते, म्हणजे ‘९०’. महिन्याभरात तुलाच दिसेल की तू आकड्यांना भुलतेस की आजारांच्या नावांना. पत्रावरून मला तरी आकड्यांचा संशय आहे.

जाता जाता एक देते. मुलांचा वॉर्ड, चार खाटा. एकाला जुलाब, डोळे थोडे खोल गेलेत, पण ओआरएस पितोय. एकाला ताप १०३, रडतोय. एकाचा हात प्लास्टरमध्ये, बोटं गुलाबी आणि हलतात. चौथ्याचे सकाळी टॉन्सिल काढलेत. झोपलाय, पण झोपेतही सारखा आवंढा गिळतोय. आई म्हणते, ‘सिस्टर, शेवटी शांत झोपला हो, उठवू नका.’ कोणाकडे जाशील ते मला कळवायची गरज नाही. तिथे जाताना हातात टॉर्च का घ्यायचा, ते मात्र लिहून पाठव.